कर्मचारी-गळतीचा मासिक हिशेब : छेद कोणता आणि कारणे कोणती

अमेरिकेत डेट्रॉइट शहराला लागून असलेल्या हायलंड पार्क येथे फोर्ड कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. १९१३ साली या कारखान्याच्या पटावर सरासरीने सुमारे १३,६०० माणसे होती. आणि त्याच वर्षी तेथून काम सोडून गेलेल्यांची संख्या मात्र ५०,००० च्या घरात होती. गळतीचे वार्षिक प्रमाण शेकडा ३७० च्या आसपास पडले. शंभरांतून तीनशे सत्तर माणसे कशी जातील, असा प्रश्न हा आकडा प्रथम वाचणाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, येथे माणसे मोजलेली नसून जाण्याच्या घटना मोजलेल्या आहेत. एक जागा जानेवारीत रिकामी झाली, फेब्रुवारीत भरली, एप्रिलमध्ये पुन्हा रिकामी झाली, तर ती दोन वेळा मोजली जाते. हायलंड पार्कमधील प्रत्येक जागा त्या वर्षात सरासरीने जवळजवळ चार वेळा रिकामी झाली, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

हा अर्थ नीट ध्यानात ठेवला, म्हणजे मासिक गळतीचे सूत्र समजण्यास अडचण पडत नाही. सूत्र दिसावयास अगदी साधे आहे :

मासिक गळतीचे प्रमाण = (महिन्यात नोकरीतून गेलेल्यांची संख्या ÷ त्या महिन्यातील पटावरील सरासरी संख्या) × १००

वरच्या अंकाला गणितात अंश म्हणतात आणि खालच्याला छेद. अंशाविषयी सहसा वाद होत नाही. किती जण गेले हे कचेरीला ठाऊक असते. हिशेब बिघडतो तो बहुधा छेदात. कोणी महिन्याच्या पहिल्या तारखेची संख्या छेद म्हणून घेतो, कोणी शेवटच्या तारखेची, तर कोणी मंजूर पदांची. प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते आणि प्रत्येकाला आपलेच बरोबर वाटते.

सरासरी कशासाठी

छेदाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे असते : त्या महिन्यात नोकरी सोडून जाऊ शकतील अशी माणसे किती होती, आणि किती काळ होती? जो महिनाभर पटावर होता, तो तीसही दिवस सोडून जाऊ शकत होता. जो पंचवीस तारखेनंतर रुजू झाला, त्याला ती संधी केवळ पाच दिवस होती. या दोघांना सारखेच एक-एक मोजणे न्याय्य नव्हे. लोकसंख्याशास्त्रात दरहजारी मृत्यूचे प्रमाण काढताना वर्षाच्या आरंभीची किंवा अखेरची लोकसंख्या न घेता वर्षाच्या मध्यावरची लोकसंख्या घेण्याचा प्रघात आहे, तो याच विचाराने. वर्षभरात जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांमुळे लोकसंख्या बदलत राहते. मध्यावरची संख्या ही साधारणपणे वर्षाची सरासरी ठरते.

आता हे एका उदाहरणावर करून पाहू. बंगळूर शहरात तयार कपडे शिवणाऱ्या एका कारखान्याची कल्पना करा. कारखाना कल्पित असला, तरी त्यात घडणाऱ्या गोष्टी अशा धंद्यात नित्य घडणाऱ्या आहेत. दिवाळीचा बोनस हाती पडला की काही कामगार गावी जातात आणि परत येत नाहीत. काही जण बोनससाठीच थांबलेले असतात आणि तो मिळताच दुसरीकडे जातात. दुसऱ्या बाजूला, नवी ऑर्डर आली की एकदम शंभर-सव्वाशे माणसे भरून शिलाईची नवी रांग उभी केली जाते.

१ नोव्हेंबरच्या सकाळी या कारखान्याच्या पटावर ४०० माणसे होती. महिन्यात ४० जण गेले आणि १२० नवे आले. म्हणून १ डिसेंबरच्या सकाळी पटावर ४८० माणसे होती. अंश ४० आहे, याविषयी शंका नाही. आता छेद बदलून पाहू. आरंभीची संख्या घेतली तर ४० भागिले ४००, म्हणजे शेकडा १०. अखेरची घेतली तर ४० भागिले ४८०, म्हणजे शेकडा ८.३. आरंभीची व अखेरची मिळवून निम्मी केली, तर छेद ४४० येतो आणि उत्तर शेकडा ९.१. या तिसऱ्या रीतीला बहुतेक ठिकाणी 'सरासरी पटसंख्या' म्हणतात आणि पुष्कळ कचेऱ्यांत तीच वापरली जाते.

परंतु ही रीत एक गोष्ट गृहीत धरते. ती अशी की, माणसांची ये-जा महिनाभर सारख्या गतीने चालू होती. म्हणजे पट ४०० वरून ४८० पर्यंत हळूहळू चढत गेला. आपल्या कारखान्यात तसे झालेले नाही. पट दिवसवार पाहिला, तर चित्र असे दिसते :

१ ते १० तारखेपर्यंत, १० दिवस, दररोज ४०० : ४,००० मनुष्यदिवस
११ ते २० तारखेपर्यंत, १० दिवस, दररोज ३८० : ३,८०० मनुष्यदिवस
२१ ते २५ तारखेपर्यंत, ५ दिवस, दररोज ३७० : १,८५० मनुष्यदिवस
२६ ते ३० तारखेपर्यंत, ५ दिवस, दररोज ४९० : २,४५० मनुष्यदिवस

दहा तारीख हा वीस जणांचा शेवटचा दिवस होता. वीस तारखेस आणखी दहा जण गेले. सव्वीस तारखेच्या सकाळी नव्या रांगेची १२० माणसे रुजू झाली. आणि उरलेल्या दहा जणांचा शेवटचा दिवस तीस तारीख हा होता. ज्या दिवशी माणसाचे नाव पटावर आहे तो प्रत्येक दिवस, त्याचा शेवटचा दिवस धरून, एक मनुष्यदिवस मोजला आहे. सुटीचे दिवसही मोजले आहेत, कारण सुटीच्या दिवशीही नाव पटावर असतेच. बेरीज १२,१०० मनुष्यदिवस. तिला महिन्याच्या ३० दिवसांनी भागले की सरासरी येते ४०३.३. आता ४० भागिले ४०३.३, म्हणजे शेकडा ९.९.

दोन टोकांच्या सरासरीने ९.१ आणि दिवसवार सरासरीने ९.९. अंतर किरकोळ वाटेल. पण त्याचा परिणाम किरकोळ नाही. समजा, ऑक्टोबरमध्ये या कारखान्याचा पट ४२० वर सुरू झाला, ३८ गेले, १८ आले, आणि तो ४०० वर संपला. त्या महिन्यात ये-जा सारख्या गतीने चालू होती, म्हणून सरासरी ४१० हीच बरोबर आणि प्रमाण शेकडा ९.३. आता व्यवस्थापकापुढे येणारे दोन अहवाल कल्पनेने शेजारी ठेवा. पहिल्यात लिहिलेले असेल, 'गळती ९.३ वरून ९.१ वर उतरली.' दुसऱ्यात असेल, 'गळती ९.३ वरून ९.९ वर चढली.' दोन्ही अहवालांत गेलेली माणसे तीच आहेत. पहिला अहवाल वाचणारा समाधान मानील आणि काही करण्याची गरज नाही असे ठरवील. जे १२० जण महिन्याच्या शेवटच्या पाच दिवसांत आले, त्यांनी गळती थांबविली नाही. त्यांनी केवळ छेद फुगविला.

दिवसवार बेरीज करणे प्रत्येक ठिकाणी शक्य नसेल. तेथे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, पटावरची संख्या लिहून ठेवावी आणि महिन्यातील अशा संख्यांची सरासरी घ्यावी. आपल्या कारखान्यात १, ८, १५, २२ आणि २९ या तारखांना पट अनुक्रमे ४००, ४००, ३८०, ३७० आणि ४९० होता. यांची सरासरी ४०८, आणि प्रमाण शेकडा ९.८. खऱ्या उत्तराच्या हे पुरेसे जवळ आहे. दोन टोकांची सरासरी केव्हा चालेल, हे ओळखण्याची खूणही यातच आहे. महिन्याच्या मध्यावरची एक संख्या पाहावी. ती दोन टोकांच्या सरासरीच्या जवळ असेल, तर सोपी रीत वापरण्यास हरकत नाही. आपल्या उदाहरणात १५ तारखेस पट ३८० होता आणि टोकांची सरासरी ४४० सांगत होती. एवढी तफावत दिसताच सोपी रीत सोडून द्यावी. अमेरिकेतील श्रम-सांख्यिकी विभाग आपल्या मासिक पाहणीत, महिन्याची बारावी तारीख ज्या पगार-अवधीत येते त्या अवधीतील नोकरदारांची संख्या छेद म्हणून घेतो. हजारो आस्थापनांच्या बेरजेत असा एकच बिंदू चालून जातो, कारण एकीची चढ दुसरीच्या उताराने भरून निघते. एकट्या कारखान्याला ती सवलत नाही.

अंश आणि छेद एकाच मंडळीचे हवेत

छेद बिघडण्याचे दुसरे कारण असे की, वर एक मंडळी मोजली जाते आणि खाली दुसरी. ठेकेदाराची माणसे गेली ती अंशात धरली, पण पट मात्र केवळ कायम कामगारांचा घेतला, तर प्रमाण विनाकारण वाढते. उलट, ठेक्याची आणि शिकाऊ माणसे पटात धरली, पण ती गेल्याची नोंद ठेवलीच नाही, तर ते विनाकारण कमी होते. दोन्हींत धरावीत किंवा दोन्हींतून वगळावीत. आणि काय केले, हे अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहावे.

हजेरी आणि पट यांची गल्लतही वारंवार होते. आपल्या कारखान्यात रोज सरासरी ३६० माणसे हजर राहत असतील. पण जो आजारपणाच्या रजेवर आहे, जी बाळंतपणाच्या रजेवर आहे, ती माणसे नोकरीत आहेतच. उद्या ती सोडूनही जाऊ शकतात. हजेरीचा आकडा छेद म्हणून घेतला, तर गैरहजेरी वाढली की गळतीही वाढलेली दिसू लागते. दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. मंजूर पदांची संख्या घेणे तर त्याहून चुकीचे, कारण रिकाम्या पदावरून कोणी सोडून जात नाही.

त्याच महिन्यात येऊन त्याच महिन्यात गेलेल्या माणसाचे काय? तो दोन्ही टोकांच्या संख्यांत कोठेच दिसत नाही. पण तो आला होता आणि गेला, ही घटना खरी आहे. म्हणून तो अंशात एक आणि छेदात जितके दिवस होता तितके मनुष्यदिवस, असा मोजला पाहिजे. पहिल्या आठवड्यातच पळून जाणारी माणसे बरीच असतील, तेथे त्यांना वगळणे म्हणजे रोगाचे मुख्य लक्षणच नजरेआड करणे होय.

उरला प्रश्न तारखेचा. राजीनामा देणाऱ्याचा शेवटचा दिवस निश्चित असतो. पण जो काही न सांगता येण्याचे थांबतो, तो केव्हा गेला असे समजावे? तो शेवटचा आला त्या दिवशी, की पटावरून त्याचे नाव कमी केले त्या दिवशी? छेद पटावरून काढलेला असल्यामुळे अंशही पटावरूनच काढावा, म्हणजे नाव कमी केल्याची तारीख धरावी, हे सोयीचे. मात्र त्यात एक धोका आहे. काही कचेऱ्यांत अशी नावे महिनोन् महिने तशीच राहतात आणि मग एखाद्या दिवशी, बहुधा तपासणीच्या आधी, पट एकदम साफ केला जातो. त्या महिन्यात गळती एकाएकी दुप्पट झालेली दिसते. आधीच्या महिन्यांत मात्र ती खोटीच कमी असते, कारण निघून गेलेली माणसे छेदात बसून राहिलेली असतात. हे ओळखावयाचे असेल, तर प्रत्येक नावापुढे शेवटच्या हजेरीची तारीख आणि नाव कमी केल्याची तारीख अशा दोन्ही लिहाव्यात. दोहोंमधील अंतर बहुतेकांच्या बाबतीत सारखे असेल, तर महिन्यांची तुलना विश्वसनीय. काहींचे दहा दिवस आणि काहींचे नव्वद दिवस असेल, तर आधी पट दुरुस्त करावा आणि मग प्रमाण काढावे.

कारणांची वर्गवारी

एकूण प्रमाण बरोबर आले, तरी त्याने अर्धेच काम होते. कोण कसे गेले हे त्यातून कळत नाही. येथे पुन्हा हायलंड पार्ककडे वळणे उपयुक्त होईल. मार्च १९१३ या एकाच महिन्यात तेथून सुमारे ७,३०० माणसे गेली. त्यांपैकी शेकडा १८ जणांना कामावरून काढून टाकण्यात आले होते आणि शेकडा ११ जणांनी रीतसर नोकरी सोडली होती. उरलेले शेकडा ७१ जण कामावर येईनासे झाले होते. लागोपाठ पाच दिवस विनासूचना गैरहजर राहिलेल्या कामगाराचे नाव कमी करावयाचे, असा कारखान्याचा नियम होता. म्हणून त्यांना 'पाच दिवसवाले' असे नाव पडले होते.

आता या पाच दिवसवाल्यांना कोणत्या रकान्यात टाकावे? नाव कारखान्याने कमी केले, म्हणून त्यांना 'काढून टाकलेले' म्हटले, तर स्वेच्छेने गेलेले केवळ शेकडा ११ उरतात आणि काढलेले ८९ होतात. ते आपणहून येईनासे झाले, म्हणून त्यांना 'सोडून गेलेले' म्हटले, तर स्वेच्छेने गेलेले ८२ होतात. पहिला तक्ता वाचणारा म्हणेल की, मुकादम फार कडक आहेत. दुसरा वाचणारा म्हणेल की, हे काम माणसांना नकोसे झाले आहे. एकाच महिन्याच्या एकाच आकड्यांतून हे दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष निघतात. फोर्डच्या नोंदवहीत हा वर्ग वेगळा ठेवला होता, म्हणूनच शंभर वर्षांनंतरही आपणास तो प्रश्न विचारता येतो. विनासूचना येईनासे झालेल्यांचा रकाना नेहमी स्वतंत्र ठेवावा, हा यातील धडा.

आपल्या कारखान्यातील नोव्हेंबरचे ४० जण याप्रमाणे विभागू. रीतसर राजीनामा १०, विनासूचना येईनासे झालेले २२, व्यवस्थापनाने काढलेले ५, सेवानिवृत्त २, मृत्यू १. प्रत्येक वर्गाची संख्या त्याच एका छेदाने, म्हणजे ४०३.३ ने भागावयाची. उत्तरे अनुक्रमे शेकडा २.५, ५.५, १.२, ०.५ आणि ०.२ येतात, आणि त्यांची बेरीज ९.९ होते. एकूण प्रमाण आणि वर्गवार प्रमाणांची बेरीज जुळणे, ही हिशेब बरोबर असल्याची एक सोपी कसोटी आहे. दशांशाच्या गोळाबेरजेमुळे पडणारा अगदी बारीक फरक तेवढा सोडून द्यावा. कंपनीच्याच दुसऱ्या कारखान्यात बदली झालेला माणूस कंपनी सोडून गेलेला नसतो. म्हणून त्याला गळतीत न धरता पटाच्या हिशेबात वेगळ्या ओळीवर दाखवावे.

पुष्कळ अहवालांत याऐवजी गेलेल्यांपैकी शेकडा किती, असा हिशेब दिलेला असतो : राजीनामे शेकडा २५, विनासूचना ५५, वगैरे. हे आकडे चुकीचे नाहीत, पण महिन्यामहिन्यांची तुलना त्यांवरून करू नये. शंभराची वाटणी असल्यामुळे त्यात एक हिस्सा वाढला की दुसरा कमी झालेला दिसणारच, मग प्रत्यक्षात तो तसाच का राहिलेला असेना. ऑक्टोबरचे ३८ जण पाहा : राजीनामा १०, विनासूचना १८, काढलेले ९, सेवानिवृत्त १. सरासरी पट ४१०. म्हणजे विनासूचना जाणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.४ होते, ते नोव्हेंबरमध्ये ५.५ झाले. काढलेल्यांचे प्रमाण २.२ होते, ते १.२ वर आले. राजीनाम्यांचे २.४ वरून २.५, म्हणजे जवळजवळ तेवढेच. एकूण गळती केवळ ०.६ ने वाढली, असे वरवर दिसते. पण आत एक मोठी वाढ आणि तेवढीच मोठी घट एकमेकींना झाकून बसल्या आहेत. व्यवस्थापनाने माणसे काढणे निम्म्यावर आणले, आणि तरीही एकूण गळती वाढली. हे वर्गवारीवाचून कोणाच्याही लक्षात आले नसते.

नोकरी कशी संपली आणि ती का संपली, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर पटावरून मिळते. दुसऱ्याचे माणसाला विचारावे लागते. राजीनाम्याच्या कागदावर बहुधा 'घरगुती अडचण' असे लिहिलेले असते. जाणाऱ्याला शेवटचा पगार घ्यावयाचा असतो. उगाच वाकडेपणा कशाला, असा विचार तो करतो. म्हणून कारण विचारावयाचे ते हिशेब चुकता झाल्यावर काही आठवड्यांनी, आणि ज्याच्या हाताखाली तो काम करीत होता त्या सुपरवायझरने नव्हे, तर दुसऱ्या कोणी तरी. समजा, येईनासे झालेल्या २२ जणांपैकी १६ जण भेटले. त्यांतील ७ जणांनी जवळच्याच दुसऱ्या कारखान्यात अधिक पगारावर काम धरले होते. ५ जण गावीच राहिले होते. ४ जणांनी सुपरवायझरचे बोलणे आणि तासाला काढावयाच्या नगांचा वाढवलेला आकडा ही कारणे सांगितली. उरलेले ६ भेटले नाहीत. त्यांना 'अज्ञात' असेच लिहावे. भेटलेल्यांच्या प्रमाणात त्यांची वाटणी करण्याचा मोह होतो, पण जो भेटत नाही त्याचे कारण भेटणाऱ्यासारखेच असेल, असे मानण्यास आधार नसतो. 'इतर' हा रकानाही असाच जपून वापरावा. त्यात तिसरा हिस्सा माणसे जमली, तर वर्गवारी पुन्हा करण्याची वेळ आली असे समजावे.

कारणाबरोबरच नोकरीचा काळ पाहिला, तर आणखी एक गोष्ट उघड होते. आपल्या कारखान्यात तीन महिन्यांहून कमी नोकरी झालेल्यांची नोव्हेंबरमधील सरासरी संख्या ६० होती असे धरू. (२६ तारखेस आलेले १२० जण पाच दिवसच होते, म्हणून त्यांचा यातील वाटा २० चा.) गेलेल्या ४० पैकी १५ जण या नव्या मंडळींतील होते. १५ भागिले ६०, म्हणजे शेकडा २५. जुन्यांची सरासरी संख्या ३४३.३ आणि गेलेले २५. म्हणजे शेकडा ७.३. येथे मात्र प्रत्येक गटाचा छेद त्या गटाचाच घेतला आहे, कारण प्रश्न बदलला आहे. वर आपण एकूण गळतीत कोणत्या कारणाचा किती भाग, हे विचारीत होतो. आता कोणत्या गटातून माणसे अधिक वेगाने जातात, हे विचारीत आहोत. नव्या रांगेची १२० माणसे डिसेंबरमध्ये कारखान्याच्या पटावर असतील, तेव्हा त्यांपैकी किती टिकतील याचा अंदाज ९.९ या आकड्यावरून बांधला तर तो फसेल. २५ वरून बांधावा.

महिन्यावरून वर्ष

मासिक प्रमाणाला बारांनी गुणून वार्षिक प्रमाण सांगण्याची सवय सर्वत्र आहे. आपल्या नोव्हेंबरचे असे केले, तर शेकडा ११९ होईल. पण हे विधान 'प्रत्येक महिना नोव्हेंबरसारखाच गेला तर' या अटीवर उभे आहे, आणि बोनसचा महिना इतर महिन्यांसारखा नसतो. हायलंड पार्कचे उदाहरण येथेही बोलके आहे. मार्च १९१३ मधील ७,३०० ही संख्या बारांनी गुणून वर्षाच्या सरासरी पटाने भागली, तर प्रमाण शेकडा ६४० च्या वर जाते. प्रत्यक्षात वर्षाचे प्रमाण ३७० च्या आसपास होते. खरे वार्षिक प्रमाण काढावयाचे, तर बारा महिन्यांत गेलेल्यांची बेरीज करावी आणि तिला बारा मासिक सरासरी संख्यांच्या सरासरीने भागावे. वर्ष पूर्ण झालेले नसेल, तर मागील बारा महिने घ्यावेत.

आणि प्रमाण उतरले, म्हणजे ते कशामुळे उतरले हे आपोआप सिद्ध झाले, असे नाही. ५ जानेवारी १९१४ रोजी फोर्ड कंपनीने दिवसाला पाच डॉलर मजुरी आणि आठ तासांचा दिवस जाहीर केला. हायलंड पार्कची वार्षिक गळती १९१४ मध्ये शेकडा ५४ वर आणि १९१५ मध्ये १६ वर आली. मजुरीचा परिणाम मोठा होता, यात शंका नाही. परंतु मुकादमांच्या मनाला येईल तेव्हा माणूस काढून टाकण्याच्या अधिकारावर १९१३ मध्येच मर्यादा घातली गेली होती; आणि १९१४ मध्ये अमेरिकेत मंदी असल्यामुळे दुसरीकडे काम मिळणे कठीण होते. एकूण आकडा या तिन्हींची एकत्र बेरीज सांगतो. मुकादमाने काढलेले, रीतसर सोडून गेलेले आणि येईनासे झालेले, यांची प्रमाणे महिन्यामागून महिना त्याच छेदावर मांडलेली असतील, तरच कोणत्या उपायाने कोणता रकाना उतरला हे विचारता येते. मंदीचा परिणाम मात्र कारखान्याच्या पटावर दिसत नाही. त्यासाठी शेजारच्या कारखान्यांतील गळती त्याच काळात किती होती, हे पाहावे लागते.